जगात देश नेमके किती? १९३, १९५ की १९७? (उत्तरतालिकेवरून झालेला वाद)

अभ्यासिका_चोपडा

मंडळी, आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सामान्य ज्ञानाची चाचणी असते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशी सगळ्या तयारीची पोरं येतात. या वेळी मी साधा म्हणून एक प्रश्न टाकला: जगात एकूण देश किती? पर्याय दिले होते १९३, १९५, १९७ आणि २०६. उत्तर १९३ धरलं होतं.

अर्ध्या वर्गाने १९५ वर खूण केली, दोघांनी १९७ वर. प्रत्येकाकडे छापील आधार. एका गाईडमध्ये १९३, दुसऱ्यात १९५, आणि १९७ वालीने तर आपलं पुस्तकच टेबलावर आणून ठेवलं. एका गुणासाठी अर्धा तास खडाजंगी.

गुण कोणाला द्यायचे ते मी बघेन. पण तीन पुस्तकं तीन आकडे देतात, त्यामागचं कारण पोरांना नीट सांगता आलं पाहिजे. जाणकारांनी लिहावं.

बोरीकाठ

सर, त्यात अवघड काय आहे? युनोचे सदस्य १९३. निरीक्षक दोन, व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन. झाले १९५. तैवान, कोसोव्हो वगैरेंना युनोने मान्यता दिलेली नाही, म्हणून ते देश नाहीत. उत्तर १९५. मी राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिलीय, हे पाठ आहे.

अहिरानी_गडी

विषय इतला लवकर कसा संपना भो, आते ते सुरुवात शे.

रावेरकर_केळी

तुमचे सगळेच आकडे कमी आहेत. आम्ही केळीचा कंटेनर बाहेर पाठवतो तेव्हा ऑनलाइन अर्जात देश निवडायचा असतो. त्या यादीत २४९ नावं आहेत, आमचा कस्टमवाला एजंट सांगतो. हाँगकाँग वेगळं, ग्रीनलँड वेगळं, अंटार्क्टिकासुद्धा आहे. तिथे आपली केळी कोण खाणार देव जाणे. सरकारी अर्जात नाव आहे म्हणजे देश असणारच ना?

पुण्यातला_नंदुरबारी

रावेरकर दादा, ती आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची यादी. संगणकाला पत्ते आणि भूभाग ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाला दोन अक्षरं दिलीत, भारताला IN. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात आहे, पोर्तो रिको अमेरिकेकडे, तरी दोघांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मालाची आणि टपालाची सोय एवढाच हेतू, कोण सार्वभौम हे ठरवायला ती केलेलीच नाही.

पण तिच्यातही राजकारण घुसलंय बरं का. तैवानला TW आहे, मात्र त्यापुढे नाव ‘चीनचा प्रांत’ असं. कारण नावं संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून उचलली जातात. कोसोव्होला तर अक्षरंच नाहीत. लोक XK वापरतात, पण ती आयएसओने कोणालाच न देता वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी मोकळ्या सोडलेल्या जोड्यांपैकी एक. मी ज्या प्रणालीवर काम करायचो, तिच्यात कोसोव्होच्या राजधानीतल्या, प्रिस्टिनाच्या एका ग्राहकाला स्वतःचा देशच निवडता येत नव्हता. बिचाऱ्याने सर्बिया निवडलं आणि मग आम्हाला रागाची मेल लिहिली. सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोव्होच्या माणसाला सर्बिया निवडायला लावणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

पांझराकाठची

सर, मी धुळ्यात राज्यशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बोरीकाठ, तुझी बेरीज बरोबर आहे. त्याखालचं कारण मात्र बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रं कोणत्याही देशाला मान्यता देत नाहीत. तो त्यांच्या अखत्यारीतला विषयच नाही. मान्यता देतं एक सरकार दुसऱ्या सरकारला, प्रत्येक जण आपापल्या मर्जीने आणि आपापल्या वेळी. न्यूयॉर्कला मिळतं ते सदस्यत्व. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हा सगळ्यांचे आकडे वेगळे येतात ते यांची सरमिसळ झाल्यामुळेच.

पोरांना समजवायला कोसोव्हो कशाला, आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. बांगलादेश. २६ मार्च १९७१ ला स्वातंत्र्य घोषित झालं. सरकार होतं, पण ते बसलं होतं कलकत्त्यात. भारताने लगेच मान्यता दिली नाही, ६ डिसेंबर १९७१ ला दिली, युद्ध सुरू झाल्यावर. भूताननेही त्याच दिवशी. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पुढच्या एप्रिलपर्यंत सोव्हिएत संघ, ब्रिटन, अमेरिका सगळ्यांनी मान्यता दिली. १९७२ मध्येच बांगलादेश जागतिक आरोग्य संघटनेत आणि नाणेनिधीत गेला. जमीन आहे, माणसं आहेत, सरकार आहे, राजदूत येतायत-जातायत. देश नाही म्हणायला काय उरलं?

त्यांनी सदस्यत्वासाठी अर्ज केला. सदस्यत्वाची वाट अशी: अर्ज महासचिवांकडे, तिथून सुरक्षा परिषदेकडे. परिषदेत १५ पैकी किमान ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधात मत द्यायचं नाही. परिषदेने शिफारस केली तरच प्रकरण आमसभेत जातं आणि तिथे दोन-तृतीयांश लागतात. २५ ऑगस्ट १९७२ ला परिषदेत मतदान झालं. बाजूने ११, तटस्थ ३, विरोधात फक्त १. तो एक होता चीन. प्रकरण तिथेच आडवं झालं, आमसभेपर्यंत पोचलंच नाही.

चीनने सांगितलेलं कारण होतं पाकिस्तानी युद्धकैद्यांचं. सुमारे ९३ हजार लोक भारताच्या ताब्यात होते, ते परत जाईपर्यंत सदस्यत्व नाही. खरं कारण पाकिस्तानशी मैत्रीचं. मग १९७३ मध्ये दिल्ली करार झाला, कैदी परतायला लागले. २२ फेब्रुवारी १९७४ ला लाहोरला इस्लामी देशांची परिषद होती, तेव्हा खुद्द पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली. आता चीनला अडवायला तोंड उरलं नाही. जूनमध्ये सुरक्षा परिषदेने शिफारस केली आणि १७ सप्टेंबर १९७४ ला बांगलादेश १३६ वा सदस्य झाला. आणि चीनने स्वतः मान्यता कधी दिली? ३१ ऑगस्ट १९७५ ला. म्हणजे जवळपास वर्षभर दोघे एकाच सभागृहात सदस्य म्हणून बसत होते आणि चीनच्या लेखी समोरचा देशच नव्हता.

आता सर, तुमचा प्रश्न १९७३ च्या डिसेंबरात विचारून बघा. युनोचे सदस्य तेव्हा १३५, त्यात बांगलादेश नाही. धुळ्यातल्या पोराने बांगलादेश धरून एक जास्त लिहिला असता तर तुम्ही चूक दिली असती?

जुनं_पोस्ट

मॅडमनी १९७१ काढलं म्हणून राहवलं नाही. मी शिरपूर भागात टपाल खात्यात नोकरी केली. लागलो नंतर, पण तिकिटांचा नाद शाळेपासूनचा. त्या सालच्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ छापून दिलं होतं. आई-बाप आणि पोरं, आणि त्यांच्यावर आडवी काळी अक्षरं. माझ्या वहीत आहे अजून. लोक खिडकीशी कुरकुर करायचे, पत्राला इतके पैसे कशाला म्हणून.

पण मला सांगायचंय ते वेगळं. बांगलादेशची पहिली आठ तिकिटं निघाली २९ जुलै १९७१ ला. तेव्हा भारताचीसुद्धा मान्यता नव्हती. एकाही सरकारने देश मानलेलं नाही आणि तिकिटं छापून मोकळे. मॅडम, माझ्या दृष्टीने तिकीट निघालं त्या दिवशी देश झाला.

पांझराकाठची

काका, तिकिटं तर बंडखोरही छापतात आणि संग्राहकांना विकायला म्हणून भलतेच लोकही छापतात. जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियाच्या नावाने निघालेली गंमतीशीर तिकिटं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. पण तुमचा मुद्दा मी फेकून देत नाही. १९३३ चा माँतेविदेओ करार चार गोष्टी मागतो: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार आणि इतरांशी संबंध ठेवायची क्षमता. आणि पुढच्याच कलमांत म्हणतो की देशाचं राजकीय अस्तित्व दुसऱ्यांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. म्हणजे कायद्याचं एक घराणं तुमच्या बाजूचं आहे. दुसरं घराणं म्हणतं, कोणी ओळखतच नसेल तर देश कसला? हा वाद शंभर वर्षं चाललाय, इथे मिटणार नाही.

जुनं_पोस्ट

अबखाझियाची नकली तिकिटं माझ्याकडेही आहेत, पैसे देऊन घेतलेली. त्याबद्दल बोलू नका.

बोरीकाठ

मॅडम, बांगलादेश अपवाद असेल. दक्षिण सुदानचं मला आठवतं, ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि १४ जुलैला युनोचा १९३ वा सदस्य. पाच दिवसांत काम. म्हणजे खरा देश असेल तर युनो लगेच घेतं.

पांझराकाठची

दक्षिण सुदानला पाच दिवस लागले कारण ज्याच्यातून तो फुटला त्या सुदाननेच आधी मान्यता दिली होती, आणि पाचांपैकी कोणालाच अडवायचं नव्हतं. ‘खरा देश’ याच्याशी त्या वेगाचा संबंध नाही. उलट टोक बघ. स्वित्झर्लंड. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्य कार्यालय दशकानुदशकं, आणि स्वित्झर्लंड सदस्य झालं सप्टेंबर २००२ मध्ये, तेही जनमत घेऊन. त्याआधी स्वित्झर्लंड देश नव्हता असं म्हणशील?

आणि तिसरी बाजूही आहे. १९४५ च्या ५१ संस्थापक सदस्यांत भारत आहे. स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी, दिल्लीत व्हाइसरॉय बसलेला असताना. युक्रेन आणि बेलारूसही संस्थापक, तेव्हा ते सोव्हिएत संघाचे भाग होते. म्हणजे सदस्यांची यादी देशांच्या यादीशी पहिल्या दिवसापासूनच जुळत नव्हती.

बोरीकाठ

भारत संस्थापक सदस्य हे पाठ होतं. त्याचा असा अर्थ निघतो हे कधी डोक्यात आलं नाही. पण परीक्षेत तरी १९५ च लिहिणार, कारण आयोगाला हेच हवं असतं.

रावेरकर_केळी

आमच्या पॅकहाऊसमध्ये एक मशीन तैवानचं आहे, त्याच्यावर तसं छापलेलं आहे. त्यांचा माणूस इथे येऊन बसवून गेला, त्याचा पासपोर्ट मी डोळ्यांनी बघितला. भारत सरकारने त्याला व्हिसा दिला. मग तैवान देश नाही कसा? व्हिसा काय जिल्ह्याला देतात का?

पांझराकाठची

रावेरकर भाऊ, प्रश्न एकदम नेमका आहे.

तैवानला युनोने देश नाही म्हणून हाकललं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. झालं ते वेगळं. १९४५ पासून चीनची खुर्ची, कायम सदस्याची, नकाराधिकारासकट, ‘चीन प्रजासत्ताक’ या सरकारकडे होती. १९४९ मध्ये ते सरकार मुख्य भूमी हरून तैवानला गेलं, तरी खुर्ची त्यांच्याकडेच. तायपेईतून ते म्हणायचे की अख्ख्या चीनचे आम्हीच. बीजिंग म्हणायचं आम्ही. २५ ऑक्टोबर १९७१ ला आमसभेने ठराव २७५८ केला, ७६ विरुद्ध ३५, १७ तटस्थ. चीनची खुर्ची बीजिंगला गेली. प्रश्न होता चीनच्या वतीने कोण बसणार. तैवान नावाचा वेगळा देश आहे की नाही, यावर मतदान झालंच नाही. वर सांगितलेला बांगलादेशचा नकार आठवा. तो या खुर्चीवर बसल्यावर बीजिंगने वापरलेला पहिला नकाराधिकार, दहा महिन्यांच्या आत.

आज तैवानला जेमतेम डझनभर देश औपचारिक मान्यता देतात, बहुतेक छोटे, शिवाय व्हॅटिकन. भारत देत नाही. पण १९९५ पासून तायपेईत आपलं कार्यालय आहे, ‘इंडिया-तायपेई असोसिएशन’ नावाचं. राजदूतावास म्हणायचं नाही, कामं मात्र व्हिसापासून व्यापारापर्यंत तीच. तुमच्या मशीनवाल्याचा व्हिसा त्या वाटेने आला. पासपोर्ट चालवून घेणं आणि देश म्हणून मान्यता देणं यांत सरकारं मुद्दाम अंतर ठेवतात.

अहिरानी_गडी

म्हणजे घरमा राहतस, जेवतस, पन लगीन लायेल नही. समजनं माले.

पुण्यातला_नंदुरबारी

😂 तरी मॅडम, पॅलेस्टाईन उलटं आहे ना? तिथे मान्यता भरपूर, जमिनीवर ताबा नाही.

पांझराकाठची

हो, अगदी उलटं, म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून शिकवावं. भारताने पॅलेस्टाईनला १९८८ मध्येच मान्यता दिली, घोषणेनंतर काही दिवसांत. आज १५० हून जास्त देशांची मान्यता आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाही आले.

आता बांगलादेशचीच वाट त्यांनी कशी चालली बघा. सप्टेंबर २०११ मध्ये अर्ज केला. परिषदेत एकमत होईना, अर्ज पडून राहिला. मग त्यांनी बाजूचं दार धरलं. निरीक्षकाचा दर्जा वाढवायला सुरक्षा परिषद लागत नाही, आमसभेचं मत पुरतं आणि तिथे नकाराधिकार नाही. २९ नोव्हेंबर २०१२ ला १३८ विरुद्ध ९ मतांनी ‘सदस्य नसलेलं निरीक्षक राष्ट्र’ असा दर्जा मिळाला. बोरीकाठच्या १९५ मधला तो एक आकडा या मतदानातून आलाय. १८ एप्रिल २०२४ ला पूर्ण सदस्यत्व परिषदेत आलं, १२ बाजूने, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ, अमेरिका विरोधात. पुन्हा एका मताने आडवं. १९७२ मध्ये चीन होता, इथे अमेरिका.

अभ्यासिका_चोपडा

मॅडम, हे फळ्यावर दोन रकाने करून लिहितो. आता १९७ वालीचं काय? ती म्हणते १९५ अधिक तैवान अधिक कोसोव्हो. वर्गातला दुसरा १९७ वाला म्हणतो तैवान-कोसोव्हो नाहीत, कूक बेटं आणि नियुए. दोघांचं उत्तर एक आणि नावं वेगळी! ते ऐकून मी चाचणीच बंद करायच्या विचारात होतो.

पांझराकाठची

दोघांनाही शाबासकी द्या, पुस्तकाबाहेर वाचलंय पोरांनी. कूक बेटं आणि नियुए पॅसिफिकमध्ये आहेत, कारभार स्वतःचा, नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचं. त्यांनी युनोत अर्जच केलेला नाही. जपानने कूक बेटांना २०११ मध्ये आणि नियुएला २०१५ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने दोघांना २०२३ मध्ये. त्या दिवशी त्या बेटांवर काहीही बदललं नाही, पण वॉशिंग्टनच्या यादीत दोन नावं वाढली.

आणि जपानचं उदाहरण घेतलंत तर पोरांना हिशेबच करून दाखवता येईल. जपानचं परराष्ट्र खातं सांगतं जगात देश १९६. आता मांडा. युनोचे १९३ घ्या. त्यांतून उत्तर कोरिया वजा करा, कारण जपान त्याला मान्यता देत नाही. राहिले १९२. त्यात व्हॅटिकन, कोसोव्हो, कूक बेटं आणि नियुए हे चार मिळवा. १९६. या १९६ मध्ये पॅलेस्टाईन नाही, तैवान नाही. म्हणजे ‘१९५ अधिक एक’ असा तो आकडा नाहीच. तो वेगळ्याच नावांनी भरलाय. ज्या पोरांनी फक्त आकडा पाठ केला, ती टोकियोत नापास.

बोरीकाठ

मॅडम, हे जपानचं मला नवीन आहे. पण मग भारताची यादी धरू ना आपण? आपण भारतात परीक्षा देतो.

पांझराकाठची

धर, पण तीही दगडावर कोरलेली समजू नकोस. पश्चिम सहारातल्या साहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये काढून घेतली. १९९९ ला भारताच्या यादीत एक देश होता, २००१ ला तो नव्हता. तिथली माणसं, वाळवंट, निर्वासितांच्या छावण्या होत्या तिथेच राहिल्या.

पुण्यातला_नंदुरबारी

आणि कोसोव्होचा आकडा तरी नक्की सांगा. मी शोधलं तर प्रिस्टिना एक सांगते, बेलग्रेड दुसरा.

पांझराकाठची

तिथे मी हात टेकते. १७ फेब्रुवारी २००८ ला घोषणा झाली. शंभरावर देशांनी मान्यता दिली असं कोसोव्हो सांगतो. सर्बिया म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती परत घेतली. आता मान्यता परत घेतली म्हणजे नेमकं काय? एखाद्या छोट्या देशाचा परराष्ट्रमंत्री पत्र देतो की ‘भूमिका पुन्हा तपासत आहोत’. सर्बिया ते परत घेतली म्हणून मोजतो, कोसोव्हो म्हणतो मान्यता दिली ती दिली, असं पत्र चालत नाही. काही सरकारांनी आज एक आणि उद्या दुसरं सांगितलंय. त्यामुळे जो कोणी एक पक्का आकडा छापतो, त्याने कोणाची तरी बाजू घेतलेली असते.

२०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, १० विरुद्ध ४, की स्वातंत्र्याची घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाही. वृत्तपत्रांनी छापलं ‘कोसोव्होला न्यायालयाची मान्यता’. पण कोसोव्हो देश आहे का, हे न्यायालयाने सांगितलंच नाही, कारण त्याला तो प्रश्न विचारलाच नव्हता. युनोत रशिया बसलेला असल्यामुळे सदस्यत्वाचा अर्ज पुढे रेटण्यात अर्थ नाही. नाणेनिधी आणि जागतिक बँकेत मात्र २००९ पासून आहेत, कारण तिथे नकाराधिकार नाही. बांगलादेशचीच गोष्ट, फक्त लाहोर अजून झालेलं नाही.

जुनं_पोस्ट

मॅडम, तुम्ही ‘अजून’ म्हणता, पण सर्बियाचं तोंड बघून लाहोर कधी होईल असं वाटत नाही.

रावेरकर_केळी

सर, चौथा पर्याय २०६ कुठून आला ते कोणीच सांगितलं नाही.

अभ्यासिका_चोपडा

ऑलिंपिक समित्यांचा आकडा आहे तो, पोरांना गोंधळवायला टाकला होता. तिथे तैवान ‘चिनी तैपेई’ नावाने उतरतं, आणि कोसोव्होच्या माय्लिंडा केल्मेंडीने २०१६ ला रिओत ज्युदोचं सुवर्ण घेतलं, त्या देशाचं पहिलंच पदक. गोंधळ माझाच झाला म्हणायचा.

पुढच्या रविवारी प्रश्न असा टाकतोय: ‘सध्या संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश किती?’ याला १९३ शिवाय उत्तर नाही. आणि दुसरा, पाच गुणांचा, ‘१९७२ मध्ये बांगलादेशला सदस्यत्व का मिळालं नाही?’

बोरीकाठ

सर, पहिल्यात पर्याय देऊ नका, नाहीतर १९५ वर परत खुणा पडतील. आणि मागच्या वेळच्या गुणाचं काय? १९५ लिहिणाऱ्यांना अर्धा तरी द्या, व्हॅटिकन काय उपटलेलं आहे का?

पांझराकाठची

मी परीक्षक असते तर प्रश्नच रद्द केला असता आणि गुण सगळ्यांना दिला असता.

अहिरानी_गडी

मंग माले बी द्या. मी २०६ लिखेल व्हतं.